वही आधी, गोळी नंतर : माझी पीएमडीडीची गोष्ट

(ऑडिओ भागाचा मजकूर. बोलण्याची भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे. या भागात आत्महत्येच्या विचारांचा उल्लेख आहे.)

मी इस्लामपूरची. बी.फार्म. झालेली आहे आणि एसटी स्टँडपासून चालत पाच मिनिटांवरच्या एका मेडिकल दुकानात काउंटरवर उभी असते. म्हणजे दिवसभर लोकांच्या चिठ्ठ्या वाचायच्या, गोळ्या मोजून द्यायच्या, "जेवल्यावर घ्या, उपाशीपोटी नको" असं सांगायचं, हे माझं काम. आज मात्र मी माझ्या स्वतःच्या चिठ्ठीबद्दल बोलणार आहे.

गोष्ट २०२३ च्या जूनमधली. आषाढी एकादशीचा दिवस, २९ जून. आईनं सकाळी साबुदाण्याची खिचडी केली, आणि ती थोडी चिकट झाली. बास, एवढंच. मी ताटली ढकलली आणि आईला इतकं बोलले, इतकं बोलले की ती देवासमोर जाऊन बसली ती तासभर उठलीच नाही. मग मी माझ्या खोलीत रडत बसले. संध्याकाळी ज्याच्याशी माझं लग्न ठरलं होतं त्याला फोन करून सांगितलं, "आपलं नको." दुसऱ्या दिवशी रात्री दुकान बंद करून घरी आले, दुकानाची किल्ली आईच्या हातात दिली आणि म्हणाले, "आई, ही आज तुझ्याकडे ठेव. मी मागितली तरी देऊ नको." आईनं एक शब्द विचारला नाही. किल्ली कमरेला खोचली आणि रात्रभर माझ्या शेजारी झोपली.

२ जुलैला पाळी आली. ४ तारखेला मी आंघोळ करून बाहेर आले तर अंगण, तुळस, समोरच्या उसाची हिरवी भिंत, सगळं नेहमीसारखं होतं आणि मीसुद्धा. मग लाज वाटायला लागली. कारण हे पहिल्यांदा घडलं नव्हतं. मागची दोन वर्षं जवळजवळ दर महिन्याला घडत होतं.

याआधी मी एका डॉक्टरांकडे गेले होते. त्यांनी सोनोग्राफी केली, रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. म्हणाले, "लग्न झालं की सगळं जागेवर येईल." मी घरी आले. नॉर्मल रिपोर्ट हातात असला की माणसाला वाटतं, खोट आपल्या स्वभावातच आहे.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी सांगलीला एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे गेले. आत गेल्या गेल्या सांगून टाकलं, "मॅडम, मला पीएमडीडी आहे. मी वाचलंय. गोळी लिहून द्या." त्या हसल्या. म्हणाल्या, "अगं, असेलही. पण मला तुझ्या आठवणीवर गोळी द्यायची नाहीये. वही आण."

आजचा सगळा भाग त्या वहीबद्दल आहे. पीएमडीडी आहे की नाही हे तर वही सांगतेच. पण कुठली गोळी, आणि ती महिन्यातून किती दिवस घ्यायची, हेसुद्धा बरंचसं वहीच ठरवते. मला हे माहीत नव्हतं, आणि माझा तर धंदाच गोळ्यांचा.

आधी आजार म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. पीएमडीडी म्हणजे प्रीमेन्स्ट्रुअल डिस्फोरिक डिसऑर्डर. पाळीआधी पोट फुगणं, छाती दुखणं, थोडी चिडचिड हे पुष्कळ जणींना होतं. त्याला आपण पीएमएस म्हणतो. पीएमडीडीत मन इतकं बिघडतं की काम, घर, नाती यांचं खरंखुरं नुकसान होतं. २०१३ साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम-५ या ग्रंथात याला स्वतंत्र आजार म्हणून जागा मिळाली, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या यादीतही तो आहे.

माझे रिपोर्ट नॉर्मल का आले, तेही मॅडमनी सांगितलं. या आजारात हार्मोन कमी-जास्त झालेले नसतात. बीजांड सुटल्यानंतर प्रोजेस्टेरॉन वाढतं आणि पाळीआधी उतरतं, ते सगळ्यांचंच होतं. काही जणींचा मेंदू या चढउताराला वेगळ्या पद्धतीनं प्रतिसाद देतो. त्यामुळे रक्तात किंवा सोनोग्राफीत पीएमडीडी दिसत नाही. तपासण्या करायच्या त्या थायरॉइड, रक्त कमी असणं अशी दुसरी कारणं बाजूला काढायला. निदानाची तपासणी एकच, रोजची नोंद. ती कमीत कमी दोन पाळीचक्रांची हवी, आणि त्या त्या दिवशी केलेली हवी. मागची आठवण काढून भरलेली चालत नाही.

मी म्हटलं, "मॅडम, मला पक्कं आठवतंय की हे पाळीआधीच होतं." त्या म्हणाल्या, "सगळ्यांनाच पक्कं आठवतं. वाईट दिवस पाळीआधी आला तर आपण पाळीच्या नावावर लिहितो. तसाच वाईट दिवस पाळीनंतर आला तर ऑफिसच्या नाहीतर सासूच्या नावावर लिहितो. खूप बायका खात्रीनं येतात आणि वही भरल्यावर चित्र वेगळंच निघतं."

माझं एक बरं होतं. दुकानातल्या रोजच्या डायरीत तारखेपुढे एखादं वाक्य लिहायची मला जूनपासून सवय होती, त्यामुळे मागचा आठवडा पूर्ण अंधारात नव्हता. पण मॅडमनी स्पष्ट सांगितलं, तो फक्त अंदाज. खरी गणती पुढच्या दोन चक्रांची. म्हणजे माझा जूनचा महिना निदानात धरलाच नाही.

आता वही कशी करायची ते सांगते.

जगभर यासाठी डीआरएसपी नावाचा तक्ता वापरतात, म्हणजे त्रासाची रोजची नोंद. त्यात २१ लक्षणं असतात आणि कामावर, छंदांवर, नात्यांवर काय परिणाम झाला याच्या तीन ओळी. मी शंभर पानी वही घेतली, आडव्या ओळीत तारखा टाकल्या आणि उभ्या रांगेत लक्षणं मराठीत लिहिली. पहिली चार महत्त्वाची. मूड एकदम बदलणं, म्हणजे क्षणात डोळ्यांत पाणी. चिडचिड आणि भांडणं. उदास, हताश वाटणं. आणि जीव टांगणीला लागल्यासारखा ताण. निदानासाठी या चारपैकी किमान एक लागतंच. पुढची सात अशी : कशात रस नसणं, लक्ष न लागणं, थकवा, खाण्याची वखवख, झोप जास्त किंवा कमी, सगळं आवाक्याबाहेर गेल्यासारखं वाटणं, आणि शरीराचा त्रास, म्हणजे छाती दुखणं, पोट फुगणं वगैरे. एकूण अकरा. त्यांतली किमान पाच हवीत.

प्रत्येकाला रोज १ ते ६ गुण. १ म्हणजे अजिबात नाही, २ म्हणजे नावाला, ३ थोडं, ४ मध्यम, ५ जास्त, ६ म्हणजे पराकोटीचं. रात्री झोपण्याआधी, दिवसभरातला सगळ्यात वाईट क्षण धरून गुण द्यायचे. मला चार मिनिटं लागायची. मोबाइलमध्ये भरलं तरी चालतं, फक्त भरायचं त्याच दिवशी.

मी केलेल्या चुकाही ऐका. पहिल्याच आठवड्यात शनिवार-रविवार राहून गेले आणि सोमवारी मी तीन दिवसांचे गुण एका दमात भरले. तिन्ही दिवसांना तेच आकडे! सोमवारच्या मूडनं शनिवारचा मूड रंगवला होता. मॅडमनी ते दोन दिवस खोडले आणि म्हणाल्या, "रिकामं ठेव, पण खोटं भरू नको." दुसरी चूक म्हणजे पाळीच्या आदल्या दिवशी थोडा डाग दिसला तर मी त्यालाच पहिला दिवस धरला. पहिला दिवस म्हणजे नीट रक्तस्राव सुरू होतो तो. एक दिवस सरकला तरी सगळा हिशोब सरकतो. तिसरी चूक, वर बघून गुण देणं. काल ५ दिले म्हणून आज ५. त्यावर उपाय म्हणून मी कालच्या रांगेवर जाड कागद ठेवायला लागले.

आता हिशोब. २ जुलैची पाळी. त्यापुढची आली ३१ जुलैला, म्हणजे २९ दिवसांचं चक्र. बघायचे दोन आठवडे. एक, पाळीआधीचे सात दिवस, म्हणजे २४ ते ३० जुलै. दुसरा, पाळी सुरू झाल्यावर चौथ्या ते दहाव्या दिवसापर्यंत, म्हणजे ३ ते ९ ऑगस्ट. पाळीचे पहिले तीन दिवस सोडून द्यायचे, कारण तेव्हा त्रास उतरत असतो.

त्या वर्षी १८ जुलैपासून अधिक महिना होता. ताई आणि भाऊजी धोंड्याच्या जेवणाला आले होते, घरात पुरणाचे धोंडे, सगळे खूश. आणि माझी चिडचिडीची रांग वाचून दाखवते. २४ तारखेपासून : ३, ४, ५, ५, ६, ५, ५. बेरीज ३३, भागिले सात, सरासरी ४.७. पाळीनंतर ३ ऑगस्टपासून : २, १, १, १, १, १, १. बेरीज ८, सरासरी १.१. फरक ३.६. मी पट्टी १ पासून ६ पर्यंत वापरली होती, म्हणजे पाच पायऱ्या. ३.६ ला पाचनं भागलं तर सुमारे ७२ टक्के.

संशोधकांनी २०१७ मध्ये सीपास नावाची एक ठरलेली पद्धत मांडली, मॅडम तीच वापरत होत्या. एखादं लक्षण मोजायचं तर चार गोष्टी जमायला हव्यात. फरक किमान ३० टक्के हवा. पाळीआधीच्या आठवड्यात गुण ४ किंवा जास्त जायला हवेत. ते किमान दोन दिवस हवेत. आणि पाळीनंतरच्या आठवड्यात गुण ३ च्या वर जायला नकोत. माझी चिडचिड चारही चाळण्यांतून गेली. तशीच हताशा, ताण, लक्ष न लागणं, रस नसणं, झोप आणि खाण्याची वखवख. अकरापैकी सात. पुढचं चक्र २९ ऑगस्टला संपणार होतं, म्हणजे अजून एक महिना काढायचा होता.

मी मॅडमना म्हणाले, "अजून एक महिना? त्या रात्रीसारखी रात्र परत आली तर?" हा प्रश्न महत्त्वाचा आहे, म्हणून त्यांनी काय केलं ते सांगते. त्या म्हणाल्या, दोन चक्रांची अट निदान पक्कं करायला आहे, जीव धोक्यात घालून वाट बघायला नाही. एका चक्राच्या नोंदीवर आणि धोक्यावर तात्पुरतं निदान धरून उपचार सुरू करता येतात, फक्त वही थांबवायची नाही. एरवी साधा त्रास असता तर त्यांनी दुसरं चक्र पूर्ण होऊ दिलं असतं. माझ्या बाबतीत त्यांनी ऑगस्टच्या मध्यालाच उपचार ठरवले. किल्लीची व्यवस्था तशीच ठेवायला सांगितली, आणि १४४१६ हा नंबर माझ्या आणि आईच्या दोघींच्या मोबाइलमध्ये टाकून घेतला. ती सरकारची टेली-मानस सेवा आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतून बोलता येतं.

पुढे जायच्या आधी एका दुसऱ्या वहीबद्दल सांगते. माझं बघून माझ्या एका मैत्रिणीनं वही भरली. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलते. तिलाही वाटत होतं की पाळीआधीच होतं. तिचे पाळीआधीचे गुण ५, ५, ६. पण पाळीनंतरच्या आठवड्यातले? ४, ३, ४, ४. म्हणजे पाळी आली की पूर थोडा ओसरत होता, पण पाणी अंगणातून जात नव्हतं. तिला मुळात डिप्रेशन होतं आणि ते पाळीआधी उसळायचं. याला पीएमडीडी म्हणत नाहीत. हा मूळ आजाराचा पाळीआधी वाढणारा त्रास. त्याचा उपचार वेगळा. तिला गोळी महिनाभर, रोज लागते. पाळीआधीचे चौदा दिवस घेऊन भागत नाही. वही नसती तर आम्हा दोघींच्या चिठ्ठ्या एकसारख्या झाल्या असत्या आणि तिची चुकली असती.

आता गोळ्यांकडे येऊया. मॅडमनी कागदावर मधे एक रेघ मारली. डावीकडे लिहिलं डिप्रेशनवरच्या गोळ्या, उजवीकडे हार्मोनच्या गोळ्या.

माझं मन उजवीकडे होतं. घरात "गर्भनिरोधक" हा शब्द अवघड, हे खरं. पण "डिप्रेशनची गोळी" त्याहून अवघड. शिवाय मला वाटलं, पाळीचा आजार तर पाळीचीच गोळी. यात ज्या गोळीचा चांगला अभ्यास झालाय ती म्हणजे ड्रोस्पायरेनोन ३ मिलिग्रॅम आणि एथिनिल इस्ट्रॅडिऑल २० मायक्रोग्रॅम. २४ दिवस औषधाची गोळी, ४ दिवस बिनऔषधाची. अमेरिकेत २००६ मध्ये तिला पीएमडीडीसाठी मान्यता मिळाली. ती बीजांड सुटणंच थांबवते, आणि मधली सुट्टी फक्त चार दिवसांची असल्यानं हार्मोनचा चढउतार कमी होतो.

इथं काउंटरवरचा अनुभव सांगते. माझ्याकडे मुली येतात आणि म्हणतात, "ताई, मूडसाठी माला-डी चालेल ना?" माला-डीमध्ये लेव्होनॉर्जेस्ट्रेल असतं, आणि हार्मोनच्या २१ गोळ्यांनंतर ७ लोहाच्या. गर्भनिरोधक म्हणून ती तिच्या जागी बरोबर आहे. पण पीएमडीडीसाठी "कुठलीही पाळीची गोळी" हे उत्तर नाही. काही जणींचा मूड तर हार्मोनच्या गोळ्यांवर आणखी बिघडतो, विशेषतः फक्त प्रोजेस्टिन असलेल्या. म्हणून सुरू केल्यावर वहीत बघत राहायचं.

मॅडमनी मला विचारलं, "डोकं दुखतं का?" म्हटलं, "मायग्रेन आहे." "दुखायच्या आधी डोळ्यांसमोर काही दिसतं?" म्हटलं, "हो. नागमोडी चमकणारी रेघ, वीसेक मिनिटं." त्यांनी पेन उचललं आणि उजवीकडची ती गोळी खोडली. अशा मायग्रेनमध्ये इस्ट्रोजेन असलेल्या गोळीनं पक्षाघाताचा धोका वाढतो. मी हे कॉलेजात शिकले होते, आणि स्वतःच्या बाबतीत विसरले होते! पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेली असेल, बीपी जास्त असेल, पस्तिशीपुढे सिगारेट ओढत असाल, तरीही ती गोळी नको. ड्रोस्पायरेनोन रक्तातलं पोटॅशियम थोडं वाढवू शकतं, म्हणून किडनीचा आजार किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगायचं. लवकर मूल हवं असेल तर अर्थातच नाही. हे सगळं नसेल आणि गर्भनिरोधकही हवं असेल, तर मात्र ती एका दगडात दोन पक्षी मारते.

राहिली डावी बाजू. एसएसआरआय गटाच्या गोळ्या : फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटालोप्रॅम, पॅरॉक्सेटिन. पीएमडीडीत पहिला मान यांचाच. अमेरिकेत फ्लुऑक्सेटिनला या आजारासाठी २००० मध्येच मान्यता मिळाली. मी म्हटलं, "मॅडम, पण या गोळ्या लागू पडायला तीन-चार आठवडे लागतात. मला तर महिन्यातून दहा दिवसच त्रास होतो." त्यावर त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मला माझ्या डिग्रीची लाज वाटली. डिप्रेशनमध्ये आठवडे लागतात, बरोबर. पीएमडीडीत याच गोळ्या काही दिवसांतच काम करतात. प्रोजेस्टेरॉनपासून मेंदूत ॲलोप्रेग्नॅनोलोन नावाचा पदार्थ बनतो, त्याच्याशी याचा संबंध असावा असं मानतात. म्हणूनच या आजारात गोळी अर्धा महिना घेता येते.

पद्धती तीन. पहिली, रोज, महिनाभर. दुसरी, अर्धा महिना, म्हणजे पाळीच्या अपेक्षित तारखेच्या १४ दिवस आधी सुरू आणि पाळी आली की बंद. तिसरी, त्रास सुरू झाला त्या दिवसापासून पाळी येईपर्यंत. तिसरीचा पुरावा अजून कच्चा आहे. पहिल्या दोन्हींचा उपयोग होतो, पण अभ्यास एकत्र करून बघितले तर रोजची पद्धत बहुधा जास्त परिणामकारक. अर्ध्या महिन्याच्या पद्धतीत गोळ्या निम्म्या, आणि दुष्परिणामांचे दिवसही कमी.

मग कुणाला कुठली? इथं परत वही. पाळीनंतरचा आठवडा स्वच्छ असेल आणि चक्र नियमित असेल, तर अर्धा महिना करून बघता येतं. तो आठवडा स्वच्छ नसेल, माझ्या मैत्रिणीसारखा, तर रोज. चक्र कधी २५, कधी ४० दिवसांचं असेल तर १४ दिवस आधी म्हणजे कधी हे कळणारच नाही, तेव्हा रोजच बरी. माझा पाळीनंतरचा आठवडा स्वच्छ होता, चक्रं २८-२९ दिवसांची. म्हणून सर्ट्रालिन ५० मिलिग्रॅम, अर्धा महिना.

चिठ्ठी देण्याआधी त्यांनी अजून एक प्रश्न विचारला. "कधी असं झालंय का, की चार-पाच दिवस झोप कमी, तरी थकवा नाही, डोक्यात विचार भराभर, खर्च आणि बोलणं हाताबाहेर?" बायपोलर आजार असेल तर नुसती ही गोळी दिल्यानं माणूस वेगात जाऊ शकतो, म्हणून हा प्रश्न. मला तसं कधी झालं नव्हतं. आणि पंचविशीच्या आतल्या मुलामुलींमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत बेचैनी किंवा आत्महत्येचे विचार वाढू शकतात. मी २६ ची होते, तरी आईला समोर बसवून हे सांगितलं.

३१ जुलैनंतर २८ दिवस म्हणजे २८ ऑगस्ट. त्यातून १४ वजा, १४ ऑगस्ट. त्या रात्री पहिली गोळी. तीन दिवस मळमळ, जेवणानंतर घेतल्यावर कमी झाली. जांभया यायच्या. चौथ्या दिवसापासून काही नाही. पाळी २९ ऑगस्टला आली, त्या दिवशी थांबवली. दोन आठवडे घेऊन थांबवल्यावर बहुतेकींना थांबवल्याचा त्रास होत नाही, मलाही झाला नाही. रोज आणि महिनोन्‌महिने घेणाऱ्यांनी मात्र अशी एकदम थांबवायची नसते.

२२ ते २८ ऑगस्ट, चिडचिड : २, २, ३, २, ३, २, २. सरासरी २.३. मागच्या वेळची ४.७. त्रास गेला नव्हता. दार वाजवून परत गेल्यासारखा झाला होता. पण एका महिन्यावर मॅडम खूश झाल्या नाहीत. या आजारात साखरेच्या गोळीनंही पहिल्या महिन्यांत बऱ्याच जणींना बरं वाटतं, म्हणून दोन-तीन चक्रं बघायची. सप्टेंबरमध्ये गौरी-गणपतीची गडबड नेमकी त्याच आठवड्यात आली आणि सरासरी २.४. तेव्हा मला विश्वास बसला.

ऑक्टोबरमध्ये गंमत झाली. हिशोबानं ११ तारखेला गोळी सुरू केली आणि नंतर जोराचा ताप आला. पाळी लांबली ती ३ नोव्हेंबरला. म्हणजे १४ ऐवजी २३ दिवस गोळी. त्यानं काही बिघडलं नाही. उलटं झालं असतं, पाळी आठ दिवस लवकर आली असती, तर त्रासाचे सुरुवातीचे दिवस गोळीविना गेले असते. अर्ध्या महिन्याच्या पद्धतीची ही कमजोर बाजू. माझं चक्र असंच हलत राहिलं तर रोजच्या पद्धतीवर जायचं, हे ठरलेलं आहे. ५० नं भागलं नसतं तर मात्रा वाढवणं, मग रोज घेणं, मग गटातलीच दुसरी गोळी, असा क्रम होता. त्यापुढे बीजाशयाचं काम तात्पुरतं बंद करणारी इंजेक्शनं असतात. त्यात हाडांची झीज होऊ नये म्हणून वरून हार्मोन द्यावे लागतात. ते स्त्रीरोगतज्ज्ञांचं काम, आणि फार थोड्या जणींना तिथपर्यंत जावं लागतं.

एक गोष्ट बायका काउंटरवर कुजबुजून विचारतात, म्हणून मी मोठ्यानं सांगते. या गोळ्यांनी शारीरिक संबंधांची इच्छा किंवा सुख कमी होऊ शकतं. खूप जणी ते सांगत नाहीत, परस्पर गोळी बंद करतात. डॉक्टरांना सांगा. मात्रा, पद्धत किंवा गोळी बदलता येते. आणि दुकानातून चिठ्ठीशिवाय मागू नका. मी देणार नाही, हे आधीच सांगते.

ज्याला "आपलं नको" म्हटलं होतं, त्याला मी ऑगस्टच्या शेवटी वही दाखवली. तो अकाउंटंट आहे, पेठ नाक्याजवळ त्याचं ऑफिस आहे. त्यानं आकडे खालपासून वरपर्यंत तपासले, एका बेरजेत माझी चूक काढली, आणि विचारलं, "म्हणजे पुढच्या महिन्यात साधारण २० तारखेपासून तू भांडलीस तर मी काय करायचं?" मी म्हटलं, "आधी विचार, वही भरली का. पण भांडणाचं कारण खरं असेल तर तेही ऐक. सगळंच पाळीच्या नावावर टाकू नको." ते त्यानं लिहून घेतलं.

दुकानाची किल्ली जानेवारीपर्यंत आईकडेच होती. संक्रांतीला तिनं तिळगुळाबरोबर माझ्या हातावर ठेवली. वही अजून चालू आहे, आता तिसरी.

आज रात्री तुम्हाला सुरू करायची असेल तर तारीख टाका, अकरा ओळी लिहा आणि फक्त आजचे गुण द्या. कालचे नको.